न मोजलेले केस

मुंबईत आत्ता, तुम्ही हे वाक्य वाचत असताना, अशा दोन व्यक्ती आहेत की त्यांच्या डोक्यावरच्या केसांची संख्या तंतोतंत सारखी आहे. साधारण सारखी असं मी म्हणत नाही. एकीच्या डोक्यावर एक लाख बारा हजार चारशे सात केस असतील, तर दुसऱ्याच्याही डोक्यावर एक लाख बारा हजार चारशे सातच. त्या दोघांना मी कधी पाहिलेलं नाही, एकाही माणसाचे केस मोजलेले नाहीत आणि तसा कुणी कधी प्रयत्न केल्याचं ऐकलेलंही नाही. तरीही हे विधान मी पूर्ण खात्रीनं करतो आहे. ही खात्री येते कुठून, तेच या लेखात सांगायचं आहे.

आधी एक गोष्ट ठरवून घेऊ. माणसाच्या डोक्यावर जास्तीत जास्त किती केस असू शकतात? साधारणपणे प्रौढ माणसाच्या डोक्यावर एक ते दीड लाख केस असतात. पण आपल्याला सरासरी नको आहे, कुणालाही ओलांडता येणार नाही अशी मर्यादा हवी आहे. म्हणून हात सैल सोडून हिशेब करू. केस उगवतात तो डोक्याचा भाग सातशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतो, आपण हजार धरू. एका चौरस सेंटिमीटरमध्ये साधारण दोनशे केस असतात, आपण पाचशे धरू. हजार गुणिले पाचशे म्हणजे पाच लाख. इतके केस कुणाच्याही डोक्यावर नसतात. असा मुद्दाम फुगवलेला अंदाज इथे फार कामाचा असतो, कारण त्यावर कुणाला वाद घालायला जागाच उरत नाही.

आता मनातल्या मनात एक प्रचंड मोठं कपाट उभं करा. त्याला पाच लाख कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्यावर एक आकडा लिहिला आहे: १, २, ३, असं करत थेट ५,००,००० पर्यंत. मुंबईतल्या प्रत्येकानं आपलं नाव एका चिठ्ठीवर लिहायचं आणि आपल्या डोक्यावर जितके केस आहेत त्या आकड्याच्या कप्प्यात ती चिठ्ठी टाकायची. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ होती. चिठ्ठ्या सव्वा कोटीच्या घरात आणि कप्पे पाच लाख. प्रत्येक कप्प्यात एकेकच चिठ्ठी पडली, तर पाच लाख चिठ्ठ्यांतच कपाट भरून जाईल. त्यानंतरची चिठ्ठी कुठेही टाका, तिथे आधीची एक चिठ्ठी पडलेली असणारच. त्या एका कप्प्यातल्या दोन चिठ्ठ्या म्हणजेच आपल्याला हवी असलेली जोडी.

युक्तिवाद एवढाच आहे. कप्प्यांपेक्षा वस्तू जास्त असतील, तर निदान एका कप्प्यात दोन वस्तू जाणारच. इंग्रजीत याला कबुतरांच्या खुराड्यांवरून नाव पडलं, म्हणून मराठीत काही जण ‘कबुतरखान्याचं तत्त्व’ म्हणतात. मला ‘कप्प्यांचं तत्त्व’ हे नाव जवळचं वाटतं. कबुतर उडून जातं; चिठ्ठी टाकली की कप्प्यातच राहते.

नववीच्या मुलांसमोर मी हे मांडतो तेव्हा पहिला आक्षेप ठरलेला असतो. केस तर रोज गळतात, मग आकडा बदलणार नाही का? बदलेल. माणसाचे दिवसाला पन्नास ते शंभर केस सहज गळतात. म्हणून विधान एका क्षणापुरतं आहे. आज सकाळी दहा वाजता जे दोघं एका कप्प्यात होते, ते संध्याकाळी वेगळ्या कप्प्यांत गेलेले असतील. पण संध्याकाळीही चिठ्ठ्या सव्वा कोटी आणि कप्पे पाच लाखच असणार, त्यामुळे तेव्हा दुसरी कुठली तरी जोडी झालेली असणार. जोडीतली माणसं बदलत राहतात, जोडी मात्र कोणत्याही क्षणी असतेच.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. टक्कल पडलेल्यांचं काय? मुंबईत डोक्यावर एकही केस नसलेली दोन माणसं शोधायला पाच मिनिटं पुरतील. दोघांचेही केस शून्य, म्हणजे सारखेच. जोडी मिळाली खरी, पण अशी जोडी कुणाला हवी असते? म्हणूनच मी कप्पे शून्यापासून न लावता एकपासून लावले. सगळी तुळतुळीत डोकी आधीच बाजूला काढा. हवी तर चार लाख माणसं काढा. उरतात १,२०,४२,३७३. कप्पे तेच पाच लाख.

आता या उरलेल्या आकड्यातून आणखी काही निघतं का, ते पाहू. समजा कुठल्याही कप्प्यात चोवीसहून जास्त चिठ्ठ्या नाहीत. तर सगळ्या कपाटात मिळून जास्तीत जास्त चोवीस गुणिले पाच लाख, म्हणजे १,२०,००,००० चिठ्ठ्या मावतील. आपल्याकडे त्याहून बेचाळीस हजार जास्त आहेत. म्हणजे निदान एका कप्प्यात पंचवीस चिठ्ठ्या असल्याच पाहिजेत. मुंबईत दोघंच नाहीत, तर डोक्यावर सारखेच केस असलेली किमान पंचवीस माणसं आहेत. आणि हा आकडा आपण कप्पे मुद्दाम वाढवून धरले तेव्हाचा आहे. खरे वापरात येणारे कप्पे बरेच कमी असल्यामुळे प्रत्यक्षातली गर्दी याहून कितीतरी मोठी असणार.

मग एक मुलगा हमखास विचारतो, “सर, म्हणजे माझ्याएवढे केस असलेलंही कुणीतरी असणारच ना?”

या प्रश्नावर मी तास थांबवतो, कारण या तत्त्वाबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज नेमका इथे आहे. उत्तर आहे: तसं मुळीच म्हणता येत नाही. कुठल्यातरी कप्प्यात गर्दी आहे एवढंच हे तत्त्व सांगतं. कोणत्या कप्प्यात, ते सांगत नाही, आणि तुमच्या कप्प्यात तर नाहीच सांगत. तुमची चिठ्ठी एकटीच पडलेली असू शकते आणि बाकीच्या सव्वा कोटी चिठ्ठ्या इतर कप्प्यांत कोंबलेल्या असू शकतात. जोडी आहे हे नक्की, पण ती कुणाची, याचं उत्तर कपाट उघडल्याशिवाय मिळत नाही. गणितात असे पुष्कळ निष्कर्ष असतात: वस्तू आहे एवढं सिद्ध होतं, ती कुठे आहे ते कळत नाही. मुलांना सुरुवातीला यात फसवल्यासारखं वाटतं. माझ्या दृष्टीनं मात्र न बघता ‘आहे’ म्हणता येणं ही या तत्त्वाची खरी ताकद आहे.

मुंबईऐवजी कोल्हापूर घेतलं तर? २०११ मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख होती. टक्कल असलेली चाळीस हजार माणसं वगळली तरी पाच लाखांच्या वर माणसं उरतात, म्हणजे विधान टिकतं. सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या मात्र तेव्हा पाच लाखांच्या जेमतेम वर होती. तिथून काही हजार टकलं वगळली की चिठ्ठ्या कप्प्यांपेक्षा कमी होतात आणि युक्तिवाद तिथेच संपतो. सांगलीत अशी जोडी नाही, असा याचा अर्थ नव्हे. ती आहे असं या हिशेबानं म्हणता येत नाही, एवढंच. तिथे काही सिद्ध करायचं असेल, तर केसांची मर्यादा पाच लाखांवरून खाली आणावी लागेल आणि त्यासाठी आपला फुगवलेला अंदाज सोडून नीट मोजमाप करावं लागेल. चिठ्ठ्या मुबलक असतात तेव्हा ढोबळ अंदाज चालतो. चिठ्ठ्या आणि कप्पे जवळ जवळ आले की मोजमाप काटेकोर लागतं.

केसांचा हा विचार चारशे वर्षं जुना आहे. आजच्या फ्रान्समधल्या लॉरेन प्रांतातला जाँ लरशाँ हा जेझुइट पंथाचा धर्मगुरू गणित शिकवत असे. १६२२ मध्ये छापलेल्या एका छोट्या लॅटिन पुस्तकात त्यानं जाता जाता असं मांडलं की जगात दोन माणसांच्या डोक्यावर सारखेच केस असणं अपरिहार्य आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात पेटर गुस्टाव्ह लजन डिरिश्ले या जर्मन गणितज्ञानं हाच साधा विचार अपूर्णांकांच्या अवघड प्रश्नांना लावला. √२ सारख्या संख्यांच्या अगदी जवळ जाणारे अपूर्णांक नेहमी सापडतात, हे त्यानं १८४२ मध्ये याच तत्त्वावर सिद्ध केलं. त्यामुळे तत्त्व त्याच्या नावानंही ओळखलं जातं. त्याच्या भाषेत तत्त्वाचं नाव खणांवरून पडलं आहे, टेबलाला असतात त्या खणांवरून. म्हणजे मूळ कल्पनेत कबुतरं नव्हतीच. तरीही धर्मगुरूनं आधी केसांतच हे पाहिलं होतं, हे मला फार आवडतं. मोठ्या संख्यांचा विचार करायला माणसानं आपल्याच डोक्यावर हात फिरवला.

इथे ‘असणारच’ आणि ‘बहुधा असेल’ यांतला फरक सांभाळायला हवा, कारण वर्तमानपत्रांतसुद्धा त्यांची गल्लत होते. वाढदिवसाचं उदाहरण पुष्कळांनी ऐकलेलं असतं. तेवीस माणसं एकत्र आली की त्यांतल्या दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. सत्तावन्न माणसं असली तर ती नव्व्याण्णव टक्क्यांवर जाते. पण ही झाली शक्यता. तेवीसच काय, तीनशे माणसांतही प्रत्येकाचा वाढदिवस वेगळा निघणं अशक्य नाही, अतिशय विरळ आहे. खात्री हवी असेल तर कप्पे मोजा. वर्षाचे ३६५ दिवस आणि २९ फेब्रुवारी, म्हणजे ३६६ कप्पे. ३६७ वा माणूस दारातून आत आला, की त्या क्षणी शक्यतेची भाषा संपते आणि खात्रीची सुरू होते.

केसांनाही हेच लागू आहे. पाचशे पाहुण्यांचं लग्न घ्या. पाचशे माणसं पाच लाख कप्प्यांपुढे काहीच नाहीत, त्यामुळे खात्री देता येत नाही. पण पाचशे माणसांतून दोघांच्या किती जोड्या होतात ते पाहा: १,२४,७५०. केसांची संख्या दीड लाख वेगवेगळ्या आकड्यांत सारखी विभागलेली आहे असं धरलं, तरी त्या कार्यालयात सारखे केस असलेली निदान एक जोडी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त येते. प्रत्यक्षात बहुतेकांचे आकडे मधल्या पट्ट्यात दाटलेले असल्यामुळे ती आणखी वाढते. तेवढ्यावर पैज लावता येईल, सिद्ध केलं असं म्हणता येणार नाही. कप्प्यांचं तत्त्व वापरणाऱ्यानं ही सीमा कधी ओलांडू नये.

आपल्या रोजच्या व्यवहारात हे कप्पे न दिसता मांडलेले असतात. एटीएम कार्डाचा चार अंकी पिन घ्या. ०००० पासून ९९९९ पर्यंत एकूण दहा हजार पिन होतात. एखाद्या बँकेनं एक कोटी कार्डं दिली असतील, तर दहा हजार कप्प्यांत एक कोटी चिठ्ठ्या, म्हणजे निदान एक पिन असा असणारच की जो हजार किंवा त्याहून जास्त लोक वापरत आहेत. हे ऐकून दचकायचं कारण नाही. पिन दुसऱ्या कुणाचा नसेल, असा बँकेचा दावा कधीच नव्हता. सुरक्षितता येते ती पिनसोबत तुमचंच कार्ड लागतं आणि चुकीचे प्रयत्न मोजकेच करता येतात यातून. जिथे दोघांना एकच खूण मिळणं चालत नाही, तिथे कप्पेच भरपूर ठेवावे लागतात. आधार क्रमांक बारा अंकी आहे तो म्हणूनच. दहा अंकांत जास्तीत जास्त एक हजार कोटी क्रमांक होतात. बारा अंकांत त्याच्या शंभरपट. गाड्यांच्या नंबरांत एका मालिकेतले आकडे संपले की पुढची अक्षरं घेतात, तेही कप्पे संपल्यामुळेच.

इथपर्यंत कप्पे आपोआप दिसत होते. पण या तत्त्वाची सगळी गोडी कप्पे शोधण्यात आहे, आणि त्यासाठी मला सगळ्यात आवडणारं उदाहरण ओळखीपाळखीचं आहे.

कुठल्याही समारंभात, मग तिथे वीस माणसं असोत की दोन हजार, असे दोघं असणारच की ज्यांच्या तिथल्या ओळखीच्या माणसांची संख्या सारखी आहे. ओळखीची माणसं तीच असतील असं नाही, पण त्यांची संख्या सारखी.

पडताळून पाहू. सोसायटीच्या गणपतीच्या बैठकीला वीस जण आलेत असं समजा. प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं की इथल्या बाकीच्या एकोणीस जणांपैकी आपण किती जणांना ओळखतो. उत्तर शून्य असू शकतं, कारण एखादा नव्यानंच राहायला आलेला असेल. उत्तर एकोणीसही असू शकतं, कारण सेक्रेटरी सगळ्यांना ओळखत असतील. म्हणजे ० पासून १९ पर्यंत वीस उत्तरं शक्य आहेत. माणसं वीस, कप्पेही वीस. इथे बहुतेक जण हात टेकतात. कप्पे आणि चिठ्ठ्या बरोबरीत आल्या की प्रत्येक चिठ्ठी वेगळ्या कप्प्यात जाऊ शकते, मग जोडीची खात्री कुठून आणायची?

खात्री आहे ती ‘ओळख’ या शब्दात. आपण ओळख दोन्ही बाजूंनी असते असं धरलं आहे. मी तुम्हाला ओळखतो तर तुम्हीही मला ओळखता. आता पाहा. कुणी चिठ्ठीवर १९ लिहिलं, तर त्याची खोलीतल्या प्रत्येकाशी ओळख आहे. मग खोलीतल्या प्रत्येकाची निदान त्याच्याशी तरी ओळख आहे. म्हणजे शून्य लिहिणारा कुणी उरतच नाही. उलट कुणी शून्य लिहिलं, तर त्याला ओळखणारं खोलीत कुणी नाही आणि म्हणून एकोणीस कुणालाच लिहिता येत नाही. शून्याचा कप्पा आणि एकोणिसाचा कप्पा एकाच वेळी भरू शकत नाहीत. दोहोंपैकी एक रिकामाच राहणार. वापरात येणारे कप्पे वीस नाहीत, फार तर एकोणीस. माणसं मात्र वीस. जोडी झाली.

लहान संख्येवर करून पाहिलं की हे अंगवळणी पडतं. चौघं आहेत: मामा, शेजारी, काकू आणि आत्या. चौघांची उत्तरं वेगवेगळी करायची तर ०, १, २, ३ अशीच हवीत. मामांनी सगळ्यांना ओळखलं, त्यांचे ३. मग शेजाऱ्याला शून्य करता येत नाही, कारण मामा त्याला ओळखतात. शेजारी फक्त मामांनाच ओळखतो, म्हणून १. उरल्या काकू आणि आत्या. त्या दोघी एकमेकींना आणि मामांना ओळखतात, म्हणून दोघींचे २. जोडी आलीच. दोघींची एकमेकींशी ओळख नाही असं धरलं, तर दोघींना प्रत्येकी फक्त मामा उरतात आणि त्या शेजाऱ्याच्या कप्प्यात जाऊन बसतात, एकाच कप्प्यात तिघं. कुठूनही गेलं तरी सुटका नाही. मुलांना मी हे फळ्यावर करू देतो. चार ठिपके काढायचे, ओळखीसाठी रेघा ओढायच्या आणि जोडी टाळून दाखवायची. अर्धा तास झटल्यावर ती टाळता येत नाही हे त्यांना हातानं कळलेलं असतं, मग डोक्याला पटवणं सोपं जातं.

पण नियम मोडला की निष्कर्षही मोडतो, आणि तो कुठे मोडतो ते माहीत असणं तितकंच गरजेचं आहे. ओळख एकतर्फी चालेल असं म्हटलं, तर तिघांतच सगळं कोसळतं. एक क्रिकेटपटू, एक स्थानिक नगरसेवक आणि एक क्रिकेटवेडा मुलगा घ्या. मुलगा दोघांनाही ओळखतो: २. नगरसेवक फक्त क्रिकेटपटूला ओळखतो: १. क्रिकेटपटू दोघांनाही ओळखत नाही: ०. तिन्ही उत्तरं वेगळी आणि शून्याचा व सर्वांत मोठा असे दोन्ही कप्पे भरलेले. आपला युक्तिवाद ज्या खांबावर उभा होता तो दोन्ही बाजूंच्या ओळखीचा खांबच काढला गेला. दुसरी चूक मोजणीची असते. कुणी आपल्याला स्वतःलाही ओळखीत धरतं, कुणी घरी राहिलेल्या बायकोला धरतं. त्या खोलीत हजर असलेल्यांनाच धरायचं आणि स्वतःला वगळायचं, तरच कप्प्यांचा हिशेब जुळतो.

ओळखीपेक्षा हस्तांदोलन जास्त सोपं पडतं, कारण ते एकतर्फी करताच येत नाही. मी तुमचा हात हातात घेतला तर तुम्हीही माझा घेतलेला असतो. पुढच्या वेळी घरी दहा-पंधरा माणसं जमली, की निघताना प्रत्येकाला विचारा की आज इथल्या किती वेगवेगळ्या लोकांशी हस्तांदोलन केलं, आणि स्वतःच्या उत्तरासह सगळी उत्तरं कागदावर लिहून घ्या. दोन उत्तरं सारखी निघतील. नाही निघाली, तर कुणाची तरी मोजणी चुकली आहे, पुन्हा विचारा.